न ताणणारी स्प्रिंग

गेममधली नायिका धावते तेव्हा तिचे हात, पाय, मान आणि कंबर कशी हलणार हे अ‍ॅनिमेटरने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. तिचा पोनीटेल कसा हलणार, हे मात्र त्याला आधी ठरवता येत नाही. ती कुठे थांबेल, कोणत्या क्षणी गर्रकन वळेल, कुठल्या कठड्यावरून उडी टाकेल हे खेळणाऱ्याच्या बोटांवर अवलंबून असतं आणि केस प्रत्येक थांबण्या-वळण्याला वेगळा प्रतिसाद देतात. म्हणून केसांचा शेपटा, मांजरीची शेपटी, कानातले डूल, कमरेला लोंबणारी थैली अशा सैल गोष्टींची हालचाल आधी काढून ठेवत नाहीत. ती खेळ चालू असताना, दर फ्रेमला, गणिताने काढतात.

माणसाच्या डोक्यावर सुमारे लाखभर केस असतात. गेममध्ये तेवढे केस हलवण्याची चैन फार थोड्यांना परवडते. बहुतेक गेममध्ये शेपटा म्हणजे केसांचं चित्र चढवलेला एक पोकळ आकार असतो आणि त्याच्या आत ओळीने चार-पाच अदृश्य हाडं बसवलेली असतात. हाडं वळली की आकार वळतो. या हाडांना आपोआप झुलतं ठेवण्याच्या युक्तीला ‘स्प्रिंग बोन’ म्हणतात. तिचा पुष्कळ वापर जपानी धाटणीच्या पात्रांमध्ये झाला. युनिटी कंपनीच्या जपानी शाखेने 2014 मध्ये ‘युनिटी-चान’ हे पात्र सर्वांना वापरायला खुलं केलं, तेव्हा तिच्या केसांसोबत स्प्रिंग बोनची छोटीशी स्क्रिप्टही दिली होती. पुढे 2018 मध्ये द्वांगो या जपानी कंपनीने आभासी पात्रांसाठी व्हीआरएम नावाची फाइलपद्धत आणली आणि त्यात केस किती ताठ, किती सुस्त हे आकडे पात्राच्या फाइलमध्येच लिहिण्याची सोय केली. आज व्हर्च्युअल युट्यूबर म्हणून पडद्यावर बोलणाऱ्या पुष्कळ पात्रांचे केस याच हिशेबाने झुलतात.

हिशेब सात-आठ ओळींचा आहे. तरीही केस थरथरतात, लांबतात, खांद्यात घुसून थडथडतात. हे का होतं हे समजून घ्यायला एकच शेपटा घेऊ: पाच हाडांचा, प्रत्येक हाड 10 सें.मी. लांब, म्हणजे एकूण अर्धा मीटर.

खरी स्प्रिंग का चालत नाही

पहिली कल्पना सगळ्यांना सुचते ती अशी. प्रत्येक सांध्यावर एक वजनदार मणी आहे असं मानायचं, दोन मण्यांमध्ये स्प्रिंग लावायची आणि शाळेतल्या भौतिकशास्त्राप्रमाणे बल काढून मणी हलवायचे. आपल्या शेपट्यात पाच मणी, प्रत्येकी 20 ग्रॅमचे. स्प्रिंगचा ताठपणा 50 न्यूटन प्रति मीटर धरू.

पात्र नुसतं उभं आहे. सगळ्यात वरच्या स्प्रिंगला पाचही मण्यांचं वजन पेलावं लागतं, म्हणून ती 2 सें.मी. ताणली जाते. तिच्याखालची चार मण्यांचं वजन पेलते, ती 1.6 सें.मी. ताणली जाते. असं करत शेवटपर्यंत गेलं की अर्ध्या मीटरचा शेपटा काही न करता 6 सें.मी.ने लांबलेला असतो. उडी मारून जमिनीवर आदळताना तर तो च्युइंगमसारखा खाली ओघळतो. यावर साधा उपाय म्हणून स्प्रिंग सहापट ताठ केली, 300 न्यूटन प्रति मीटर, तर लांबणं 1 सें.मी.वर येतं. ते चालण्यासारखं आहे.

पण आता वेगळंच संकट उभं राहतं. संगणक काळ सलग मोजत नाही, तो टप्प्याटप्प्याने मोजतो. सेकंदाला 60 फ्रेम असतील तर प्रत्येक टप्पा 16.7 मिलिसेकंदांचा. स्प्रिंग जितकी ताठ आणि मणी जितका हलका, तितकं त्यांचं कंपन जलद. हे कंपन टप्प्याच्या मानाने फार जलद झालं की हिशेब प्रत्येक टप्प्याला मण्याला मूळ जागेच्या पलीकडे, आधीपेक्षा जास्त लांब फेकतो. पुढच्या टप्प्याला तो आणखी जोराने उलट्या दिशेला फेकला जातो. आपल्या शेपट्याला ताठपणा 50 असताना सहन होणारा सगळ्यात मोठा टप्पा सुमारे 21 मिलिसेकंदांचा येतो आणि ताठपणा 300 केल्यावर तो सुमारे 8.5 मिलिसेकंदांवर उतरतो. म्हणजे मऊ स्प्रिंगचा शेपटा 60 फ्रेमला कसाबसा तग धरतो, पण फोन तापून 30 फ्रेमवर आला की फुटतो. ताठ स्प्रिंगचा शेपटा तर 60 फ्रेमलाही पहिल्या काही क्षणांत आकाशात उधळतो. मऊ ठेवला तर लांबतो, ताठ केला तर उधळतो. मधला आकडा शोधण्यात माणसं आठवडे घालवतात. माझ्या मते ते आठवडे वाया जातात, कारण केसाला लांबीच्या दिशेने स्प्रिंग लावण्याचं कारणच नाही. खरा केस झुलतो, डोळ्यांना दिसण्याइतका लांबत नाही.

लांबी पक्की, दिशा मोकळी

स्प्रिंग बोनमध्ये म्हणून लांबी हा प्रश्नच ठेवलेला नाही. हाडाचं मूळ कुठे आहे ते त्याच्या वरचं हाड ठरवतं. आपण फक्त हाडाच्या टोकाचा माग ठेवतो आणि ते टोक मुळापासून बरोबर 10 सें.मी.वरच असलं पाहिजे असा दंडक घालतो. कंपासचं टोक कागदात रोवलं की पेन्सिल फक्त त्या वर्तुळावर फिरते, तसं हे टोक मुळाभोवतीच्या एका गोलावर फिरतं. वर्तुळाऐवजी गोल, एवढाच फरक.

एका हाडाचा एका टप्प्याचा सगळा हिशेब एवढाच:

```
inertia = (tip - prevTip) * (1 - drag)
pull    = restDir * stiffness * dt
fall    = gravityDir * gravityPower * dt
next    = tip + inertia + pull + fall
next    = root + normalize(next - root) * length
prevTip = tip
tip     = next
```

पहिल्या ओळीत वेग कुठेच साठवलेला नाही. टोक आत्ता कुठे आहे आणि मागच्या टप्प्याला कुठे होतं यांतला फरक हाच त्याचा वेग. ही रीत फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लू व्हेर्ले यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी 1967 मध्ये 864 रेणूंच्या द्रवाचा संगणकी हिशेब करताना ती वापरली होती. गेमवाल्यांमध्ये ती रुळली ती थॉमस याकोबसेन यांच्यामुळे. ‘हिटमॅन’ या गेममध्ये कोसळणारी शरीरं आणि कपडे त्यांनी याच रीतीने हलवले आणि 2001 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये ते समजावून सांगितलं. तिचा मोठा गुण असा, की टोक तुम्ही हाताने उचलून दुसरीकडे ठेवलंत तरी वेग आपोआप त्याला जुळवून घेतो. लांबीचा दंडक घालणारी पाचवी ओळ हेच करते. या गुणाचीच पुढे एका ठिकाणी अडचण होणार आहे.

दुसरी ओळ ही उरलेली एकमेव ‘स्प्रिंग’. ती टोकाला विश्रांतीच्या दिशेकडे ढकलते. विश्रांतीची दिशा म्हणजे कलाकाराने शेपटा जसा कोरला होता तशी, डोकं आत्ता जिकडे वळलंय त्याप्रमाणे फिरवलेली. ती दर टप्प्याला मूळ आकारावरूनच काढावी लागते. मागच्या फ्रेमला हाड जिथे वळलं होतं तिथून काढली तर केस हळूहळू भरकटतात, स्वतःभोवती पिळले जातात आणि पाच मिनिटांच्या खेळानंतर घरी परत येत नाहीत. हा दोष ओळखायला सोपा आहे. पात्राला स्थिर उभं करून बघा. केस शांत झाल्यावर पहिल्या दिवशीच्या आकारात आले नाहीत, तर गडबड इथे आहे.

टोक ठरलं की शेवटचं काम हाड त्या दिशेला वळवण्याचं. विश्रांतीच्या दिशेपासून टोकाच्या दिशेपर्यंत लागेल तेवढं फिरवायचं, बस. हाडाची जागा लिहायची नाही, फक्त वळण लिहायचं. सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा नियम हाच आहे. वळणाने आकार वाकतो, पण लांबत नाही. हिशेबात काहीही घोटाळा झाला, अगदी आकडे वेडेवाकडे आले, तरी शेपटा चुकीच्या दिशेला रोखलेला दिसेल, पण च्युइंगम होणार नाही.

मग पुढच्या हाडाची पाळी. क्रम मुळापासून टोकाकडेच हवा, कारण दुसऱ्या हाडाचं मूळ म्हणजे पहिल्याचं टोक. पहिलं वळवून झाल्याशिवाय दुसऱ्याचं मूळ कुठे आहे हेच माहीत नसतं. उलट क्रमाने गेलं तर प्रत्येक हाड मागच्या फ्रेमच्या जागेवर विसंबतं आणि शेपट्यात एकेका फ्रेमने उशिरा पोचणारी थरथर दिसते. शेवटच्या हाडाची आणखी एक खोच आहे. त्याच्यापुढे हाडच नसल्यामुळे त्याची लांबी कशी ठरवायची? जुन्या व्हीआरएममध्ये तिथे 7 सें.मी. पुढे एक काल्पनिक टोक धरत. 2022 च्या 1.0 आवृत्तीत हे टोक कलाकाराने स्वतःच साखळीत दाखवायचं असं ठरलं, आणि ते बरंच झालं. छोट्या कर्णफुलाला 7 सें.मी.चं अदृश्य शेपूट लावलं तर ते आळसटल्यासारखं झुलतं.

एक सूचना इथेच. `gravityPower` असं नाव बघून तिथे 9.8 लिहिण्याचा मोह होतो. तसं करू नका. वरच्या हिशेबात हा आकडा थेट सरकण्याच्या अंतरात जातो. 9.8 म्हणजे एका टप्प्यात 16 सें.मी., आणि आपलं हाडच 10 सें.मी.चं आहे. केस ओळंब्यासारखे सरळ खाली ताठ होतील. 0 ते 1 च्या दरम्यान कुठेतरी याचं उत्तर असतं, आणि ते डोळ्यांनी बघून ठरवायचं.

फ्रेम आणि घड्याळ

लांबीचा प्रश्न मिटला, आता थरथरीचा. तिची निम्मी कारणं केसांत नसून घड्याळात असतात.

सगळ्यात साधं कारण क्रमाचं. त्या फ्रेमचं अ‍ॅनिमेशन आधी डोकं हलवतं, मग केसांचा हिशेब व्हायला हवा. उलटं झालं तर केसांनी लिहिलेलं वळण अ‍ॅनिमेशन पुसून टाकतं किंवा केस मागच्या फ्रेमच्या डोक्यावर बसतात. युनिटीमध्ये म्हणूनच हे काम `LateUpdate` मध्ये करतात. काही जण भौतिकशास्त्र आहे म्हणून ते `FixedUpdate` मध्ये टाकतात. त्याचा टप्पा मुळात 0.02 सेकंदांचा, म्हणजे सेकंदाला 50. पडदा मात्र 60 चित्रं दाखवतो. दर सहा चित्रांमागे केसांचे टप्पे पाचच. सहाव्या चित्रात डोकं पुढे गेलेलं असतं आणि केसांचा हिशेब झालेलाच नसतो. सेकंदाला दहा वेळा शेपटा अडखळतो. पात्र उभं असताना काही दिसत नाही, धावायला लागलं की केस बारीक थरथरतात. मग माणसं `drag` वाढवत बसतात, थरथर मात्र तशीच राहते, कारण दोष तिथे नसतोच.

दुसरं कारण सूक्ष्म आहे. वरच्या हिशेबातली पहिली ओळ पुन्हा पाहा. `drag` 0.4 असेल तर प्रत्येक टप्प्याला वेगाचा 0.6 भाग उरतो. ‘प्रत्येक टप्प्याला’, प्रत्येक सेकंदाला नव्हे. 60 फ्रेमच्या यंत्रावर एक दशांश सेकंदात सहा टप्पे होतात आणि मूळ वेगाचा जेमतेम 5 टक्के भाग उरतो. 30 फ्रेमच्या फोनवर तेवढ्याच वेळात तीन टप्पे, आणि 22 टक्के वेग शिल्लक. 144 फ्रेमच्या महागड्या पडद्यावर तर काहीच उरत नाही. तेच पात्र, तेच आकडे, पण फोनवर केस हेलकावे खातात आणि महागड्या यंत्रावर तेल लावून चप्प बसवल्यासारखे दिसतात. फ्रेमचा वेग मध्येच खाली-वर झाला, तर एकाच झोक्यात केस दोन वेगवेगळ्या स्वभावांनी वागतात.

यावर एक प्रचलित उपाय असा, की उरणारा भाग टप्प्याच्या लांबीप्रमाणे बदलायचा: `pow(1 - drag, dt * 60)`. 30 फ्रेमला मग 0.6 ऐवजी 0.36 उरतो, दोन टप्प्यांचं काम एकात. हे बरोबर वाटतं, पण ही अर्धीच दुरुस्ती आहे. 60 च्या चालीत पहिल्या टप्प्याला दिलेला धक्का दुसऱ्या टप्प्यालाही 0.6 भागाने पुढे जात होता. एका मोठ्या टप्प्यात तो तसा जात नाही. हिशेब केला तर केसांचा घरी परतण्याचा कमाल वेग, `stiffness` 1 असताना, 60 फ्रेमला सेकंदाला 2.5 मीटर येतो आणि दुरुस्तीनंतर 30 फ्रेमला सुमारे 1.6 मीटर. केस आता दुसऱ्या प्रकारे वेगळे वागतात. ओढीच्या ओळीलाही वेगळा गुणक लावून हे सावरता येतं, पण मग पुढे नवं बल जोडलं की पुन्हा तेच.

माझं मत सरळ आहे: टप्पा पक्का ठेवा, 1/60 सेकंद, पडदा काहीही दाखवो. गेला तेवढा वेळ शिलकीत टाकायचा आणि शिलकीतून पूर्ण टप्पे होतील तेवढेच काढायचे. 30 फ्रेमच्या फोनवर एका चित्रामागे दोन टप्पे निघतील, 144 च्या पडद्यावर बहुतेक चित्रांना एकही नाही. यात दोन पथ्यं पाळावी लागतात. दोन टप्पे एकदम करताना डोक्याची हालचालही दोन भागांत वाटायची. नाही तर डोक्याची अख्खी उडी पहिल्या टप्प्याला बसते, दुसऱ्याला काहीच नाही, आणि ज्या थरथरीपासून पळालो तीच मागच्या दाराने आत येते. आणि प्रत्येक चित्राला, त्यात टप्पा निघो वा न निघो, शेवटच्या दोन टप्प्यांतल्या दिशांच्या मधली दिशा दाखवायची. जागांच्या मधली नव्हे, दिशांच्या. आपण वळणच लिहितो, त्यामुळे मधली दिशा घेतली तरी लांबी बिघडत नाही. केस एका टप्प्याने, फार तर 17 मिलिसेकंदांनी, मागे राहतात, पण केसांच्या बाबतीत ते कुणाच्या लक्षात येत नाही. फोन क्षणभर अडकून शिल्लक फारच साठली, तर तीन-चार टप्प्यांवर काम थांबवून उरलेला वेळ सोडून द्यायचा.

धावताना केस आडवे का होतात

आता नायिका सेकंदाला 5 मीटर वेगाने, म्हणजे ताशी 18 किलोमीटरने, सरळ धावते आहे. एका टप्प्यात डोकं 8.3 सें.मी. पुढे जातं. केसाच्या टोकाला मागच्या वेगापैकी 0.6 भागच मिळतो, म्हणजे 5 सें.मी. दर टप्प्याला टोक 3.3 सें.मी. मागे पडतं. त्याला विश्रांतीच्या दिशेकडे नेणारा धक्का, `stiffness` 1 असताना, 1.7 सें.मी.चा. मागे पडणं ओढीच्या दुप्पट, म्हणून पहिलं हाड विश्रांतीपासून सुमारे 63 अंश मागे वळून तिथेच स्थिरावतं. खालच्या हाडांचीही तीच गत. अख्खा शेपटा घोड्याच्या शेपटीसारखा आडवा उडतो आणि नायिका ताशी 18 किलोमीटरने नाही, वादळात धावल्यासारखी दिसते.

हे भौतिकशास्त्राच्या विरुद्ध नाही, पण `drag` ने हवेचं सोंग फारच वठवलं आहे. `stiffness` वाढवून केस खाली आणले, तर उभं असताना ते काठीसारखे ताठ होतात. खरा उपाय म्हणजे पात्राच्या प्रवासाचा किती वाटा केसांना जाणवू द्यायचा हे वेगळं ठरवणं. व्हीआरएममध्ये त्यासाठी `center` नावाची सोय आहे. केसांचा हिशेब जगाच्या संदर्भात न करता तिथे नेमलेल्या हाडाच्या संदर्भात होतो आणि त्या हाडाचा प्रवास केसांना जाणवतच नाही. पण मग धावायला सुरुवात करताना आणि थांबतानाचा झोकाही नाहीसा होतो, आणि तो झोकाच तर बघायला हवा असतो.

मधला मार्ग स्वतः लिहावा लागतो, आणि तो अवघड नाही. दर टप्प्याला हिशेबाआधी `tip` आणि `prevTip` दोन्ही, पात्राच्या सरकण्याच्या 80 टक्के अंतराने पुढे ढकलायचे. केसांना उरलेला 20 टक्के प्रवासच जाणवतो. मागे पडणं 0.7 सें.मी.वर येतं आणि कोन 63 वरून 22 अंशांवर. दोन्ही बिंदू सारखेच सरकवल्यामुळे त्यांच्यातला फरक, म्हणजे वेग, बिघडत नाही. मान वळवल्यावर येणारा झोका पूर्ण शाबूत राहतो, कारण तो पात्राच्या प्रवासातून नव्हे, डोक्याच्या वळण्यातून येतो.

याच युक्तीने आणखी एक दुखणं जातं. पात्र मरून दुसऱ्या ठिकाणी उगवतं किंवा दारातून पुढच्या खोलीत एकदम ठेवलं जातं, तेव्हा ते एका टप्प्यात 30 मीटर सरकलेलं असतं. केस समजतात आपण बंदुकीतून सुटलो. नव्या खोलीत पहिला अर्धा सेकंद ते चाबकासारखे फिरतात. सरकणं एका टप्प्यात 1 मीटरपेक्षा जास्त झालं तर 80 ऐवजी 100 टक्के ढकलायचं. त्यासोबत पात्राचं तोंड फिरलं असेल, तर बिंदूही तेवढेच फिरवायचे. केस काही घडलंच नाही असे राहतात.

खांदा, पाठ आणि फट

केस शरीरात घुसू नयेत म्हणून डोकं, मान, पाठ, खांदे यांच्या जागी अदृश्य गोळे किंवा कॅप्सूल ठेवतात. केसाच्या टोकालाही थोडी त्रिज्या देतात. टोक गोळ्यात शिरलं की त्याला पृष्ठभागावर ढकलून द्यायचं आणि मग लांबीचा दंडक पुन्हा घालायचा. हा दंडक शेवटी हवा. पात्र नुसतं उभं असूनही केस थडथडत असतील, तर कारण जवळजवळ नेहमी इथे सापडतं.

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. नायिका आकाशाकडे बघते. मान मागे जाते आणि डोक्याचा गोळा व पाठीचा कॅप्सूल यांच्यातली फट 3 सें.मी. उरते. शेपट्याच्या टोकांना 2 सें.मी. त्रिज्या दिलेली आहे, म्हणजे जाडी 4 सें.मी. 4 सें.मी.ची वस्तू 3 सें.मी.च्या फटीत बसवायची आहे. डोक्याचा गोळा तिला पाठीत ढकलतो, पाठ तिला डोक्यात ढकलते, आणि लांबीचा दंडक दोघांनाही मानत नाही. या भांडणाला उत्तर नसल्यामुळे पात्राच्या श्वासाने मान केसभर हलली तरी निकाल बदलतो. पडद्यावर शेपट्याची वरची दोन हाडं मधमाशीसारखी गुणगुणतात. `drag` कितीही वाढवला तरी हे थांबत नाही. उपाय भूमितीचा आहे: वरच्या दोन हाडांची त्रिज्या 1 सें.मी. करा, किंवा त्यांना पाठीचा कॅप्सूल लागूच करू नका. तिथे केस थोडा पाठीत घुसला तरी त्या कोनातून कुणाला दिसत नाही. निदान करण्याची रीतही सोपी आहे. एकेक गोळा बंद करत जा; ज्याच्या बंद होण्याने गुणगुण थांबते, तो भांडणातला एक पक्ष. दुसरा त्याच्या शेजारीच असतो.

दुसरा दोष हात जोरात मागे येतो तेव्हा दिसतो. हाताचा कॅप्सूल एका टप्प्यात केसाच्या टोकाला 5 सें.मी. आत गाठतो आणि हिशेब त्याला तेवढंच बाहेर ढकलतो. आता आधी सांगितलेली अडचण समोर येते. या रीतीत जागेतला फरक हाच वेग. एका टप्प्यातले 5 सें.मी. म्हणजे सेकंदाला 3 मीटर. हाताने केस हलकेच बाजूला सारायचे होते, हिशेबाने ते चपराक मारल्यासारखे उडवले. म्हणून ढकललं तेवढ्याच अंतराने `prevTip` ही सरकवायचा. मग जागा बदलते, पण ढकलण्यातून नवा वेग जन्माला येत नाही. केस हातावरून घरंगळल्यासारखे बाजूला होतात. माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच घरगुती स्क्रिप्ट्समध्ये ही एक ओळ नसते.

शेपटी आणि दागिन्यांना हाच हिशेब लागतो, फक्त आकडे बदलतात. मांजरीच्या शेपटीत स्नायू असतात, म्हणून मुळाशी `stiffness` जास्त आणि टोकाकडे कमी होत गेलेला बरा दिसतो. त्याखाली अ‍ॅनिमेटरने काढलेली संथ लाट ठेवता येते, कारण विश्रांतीची दिशा अ‍ॅनिमेशनमधून घेण्याची मुभा आहे. एका हाडाच्या डुलाला `stiffness` जवळजवळ शून्य, थोडं गुरुत्व आणि कमी `drag` दिला की तो जड धातूचा वाटतो.

घेरदार घागरा किंवा लांब झगा मात्र स्प्रिंग बोनवर सोडू नये. तिथे कंबरेभोवती दहा-बारा साखळ्या लोंबतात आणि त्यांना एकमेकींची काहीच खबर नसते. गुडघा वर आला की दोन साखळ्या दोन बाजूंना सरकतात आणि त्यांच्यामधून पाय आरपार बाहेर येतो. गोळे कितीही वाढवले तरी ही फट बुजत नाही, कारण हिशेबात कापड नाहीच, नुसत्या दोऱ्या आहेत. शेजारच्या साखळ्यांना आडवे बांधणारं कापडाचं सिम्युलेशन तिथे लागतं. त्यात लांबीचे दंडक एकमेकांत गुंततात, एका फेरीत सुटत नाहीत, आणि त्यामुळे ते महाग पडतं. शेपटा, शेपटी, डूल, थैली यांना तेवढा खर्च करण्याची गरज नाही. फक्त पात्र पुढे पाठवण्याआधी ते एकदा 30 फ्रेमवर आणि एकदा 144 वर धाववून, थांबवून आणि आकाशाकडे बघायला लावून तपासा. या प्रकरणातले बहुतेक दोष तेवढ्या वेळात डोळ्यांना दिसतात.